ज्येष्ठ माजी विद्यार्थ्याकडे पंधरा मिनिटं मागताना: मेल कसा लिहायचा

शाळेत पत्रलेखन म्हणून आपण मुख्यतः अर्ज लिहायला शिकतो. ‘प्रति’, ‘विषय’, ‘महोदय’, ‘वरील विषयास अनुसरून’, आणि शेवटी ‘तरी माझ्या विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’. पुढे बोनाफाइड सर्टिफिकेटपासून एसटीच्या सवलतीच्या पासापर्यंत हाच साचा कामाला येतो. पण आपल्या वीस वर्षं आधी कॉलेजातून बाहेर पडलेल्या एखाद्या माजी विद्यार्थ्याला मेल लिहायला बसलं की हात नकळत त्याच साच्याकडे वळतो, आणि तिथे तो साचा घात करतो.

मी पुलांच्या डिझाइनमध्ये काम करते. माझ्या कॉलेजातली मुलंमुली अधूनमधून मला मेल करतात: करिअरबद्दल थोडं बोलायचं आहे, वेळ द्याल का? त्यातले बरेच मेल कमालीचे नम्र असतात, आणि तरी वाचून झाल्यावर कुणीतरी आपल्यावर काम टाकून गेल्यासारखं वाटतं. शब्द इतके वाकलेले असूनही हक्क सांगितल्यासारखं का वाटतं, हे मला बरेच दिवस उमगत नव्हतं. मग लक्षात आलं की तो मेल नसतो, अर्ज असतो. अर्ज ज्याच्याकडे करायचा त्याचं तो वाचणं, निर्णय घेणं आणि उत्तर कळवणं हे कर्तव्यच असतं. अर्जदाराने कितीही ‘सविनय’ लिहिलं तरी त्यामागे ‘माझं प्रकरण तुमच्या टेबलावर आहे’ हे गृहीत असतं. माजी विद्यार्थ्याच्या टेबलावर मात्र तुमचं कुठलंच प्रकरण नसतं.

म्हणून मेल चांगला झाला की नाही हे तपासायला मी ‘किती नम्र वाटतो?’ असं विचारत नाही. ‘हा मेल वाचून झाल्यावर समोरच्याच्या माथी किती कामं उरतात?’ असं विचारते आणि ती कामं सरळ मोजते. पुढचं सगळं त्या मोजणीभोवतीच आहे.

एक खरा मसुदा

माझ्या मैत्रिणीची मुलगी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या कॉलेजचे एक माजी विद्यार्थी पूल डिझाइनमध्ये ज्येष्ठ पदावर आहेत. त्यांना पाठवायचा मेल तिने आधी मला दाखवला. ‘मावशी, एकदा बघ ना, उद्धट तर वाटत नाही ना?’ तिच्या परवानगीने तो मसुदा इथे देते, ओळखीच्या खुणा काढून.

> विषय: करिअर मार्गदर्शन मिळणेबाबत
>
> आदरणीय सर,
>
> सविनय नमस्कार. मी आपल्याच कॉलेजमध्ये सिव्हिल इंजिनिअरिंगच्या अंतिम वर्षात शिकत आहे. आपली प्रगती पाहून आम्हा सर्व विद्यार्थ्यांना अत्यंत अभिमान वाटतो. आपण आमचे प्रेरणास्थान आहात. मला स्ट्रक्चरल क्षेत्रात करिअर करायचे असून या क्षेत्रातील संधी, एम.टेक. करावे की नोकरी, तसेच कोणती सॉफ्टवेअर शिकावीत याबाबत आपले बहुमोल मार्गदर्शन हवे आहे. आपण आपल्याच कॉलेजचे असल्याने नक्की मदत कराल अशी खात्री आहे. सोबत रेझ्युमे जोडला आहे, योग्य संधी असल्यास विचार व्हावा. आपल्या सोयीनुसार मला कधीही फोन केला तरी चालेल.
>
> आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत.

उद्धट शब्द यात एकही नाही. पण कामं मोजू या. तीन प्रश्न आहेत आणि तिन्ही एवढे मोठे की एकेकावर तासभर बोलता येईल; म्हणजे कुठून सुरुवात करायची हे सरांनीच ठरवायचं. रेझ्युमे उघडून वाचायचा. संधी आहे का ते पाहायचं, आणि नसेल तर ‘नाही’ म्हणायचं अवघड काम करायचं. वेळ त्यांनी शोधायची. आणि फोनही त्यांनीच करायचा! त्यात ‘खात्री आहे’ हे दोन शब्द म्हणजे नकाराचं दार आधीच लावून घेणं. ती म्हणाली, ‘मला तर वाटलं, कधीही फोन करा म्हणणं चांगलं, त्यांच्या सोयीने होईल.’ तिचा हेतू अगदी खरा होता. पण ‘तुमच्या सोयीने’ या शब्दांमधून सोय शोधण्याचं कामही समोरच्याकडे जातं, हे लिहिताना दिसत नाही.

पहिलं काम: प्रश्न शोधणं

मेल लिहायला घेण्याआधीच अर्धी लढाई असते, आणि बहुतेकांचं तिथेच चुकतं. ज्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या कुणाकडूनही मिळेल तो प्रश्न घेऊन ज्येष्ठ माणसाकडे जायचं नाही. ‘सिव्हिलमध्ये स्कोप काय?’ असं विचारलं की, तुम्ही हा प्रश्न यांच्यासाठी शोधलेला नाही आणि हाच मेल आणखी दहा जणांना गेला असेल, हे त्यांना कळतं.

मी तिला एका कागदावर तिच्या मनातले सगळे प्रश्न लिहायला लावले. मग प्रत्येकापुढे, याचं उत्तर सगळ्यात जवळ कोणाकडे मिळेल, ते लिहायचं. गेटचा अभ्यास कसा करायचा हे गेल्याच वर्षी पास झालेल्या दादाला विचारायचं. त्याला ते वीस वर्षांपूर्वीच्या माणसापेक्षा जास्त नीट आठवतं. सॉफ्टवेअरचा प्रश्न नोकऱ्यांच्या जाहिराती वाचल्या तरी बराचसा सुटतो: पुलांसाठी मिडास सिव्हिल, इमारतींसाठी ईटॅब्स, आणि स्टॅड प्रो ही नावं तिथे पुन्हा पुन्हा दिसतात. आज नोकरी घेतली तर गेट वाया जाईल का, हाही तिचा एक प्रश्न होता. त्याचं उत्तर गेटच्या माहितीपुस्तिकेतच आहे: स्कोअर निकालापासून तीन वर्षं चालतो. म्हणजे तोही गळला.

मग तिने सरांची लिंक्डइनवरची माहिती पुन्हा वाचली. या वेळी पदव्या आणि हुद्दे बाजूला ठेवून फक्त क्रम बघितला. सर बी.ई. झाल्यावर तीन वर्षं साइटवर होते, मग एम.टेक.ला गेले, आणि त्यानंतर डिझाइनकडे वळले. तिला कॅम्पसमधून एका बांधकाम कंपनीची साइटवरची नोकरी मिळण्यासारखी होती आणि दुसरीकडे फेब्रुवारीत गेट द्यायची होती. तिचा गोंधळ नेमका त्या वळणावरचा होता. तिथे प्रश्न आपोआप तयार झाला: पूल डिझाइनच्या ऑफिसात आल्यावर साइटवरची ती तीन वर्षं कुठे उपयोगी पडली, आणि कुठे त्यांच्यामुळे मागे राहिल्यासारखं वाटलं?

हा प्रश्न चांगला का आहे ते सांगते, कारण मी त्याच धंद्यात आहे. डिझाइनच्या टेबलावर बसून सळ्यांचं डिटेलिंग कागदावर कितीही सुबक काढता येतं. पण एवढ्या दाट सळ्यांमधून काँक्रीट खाली उतरेल का आणि व्हायब्रेटरची सुई आत जाईल का, हे साइटवर उभं राहिलेल्याला चटकन दिसतं. उलट, साइटवर असताना गणित आणि कोड हातातून सुटतात. आयआरसी 112 सारखा काँक्रीट पुलांचा कोड पुन्हा उघडला की पहिले काही महिने जड जातात. ही तुलना एखाद्या पुस्तकात किंवा जाहिरातीत मिळत नाही. ती दोन्हीकडे राहिलेल्या माणसाकडेच असते, आणि त्याला ती सांगायला आवडते, कारण त्यासाठी वेगळी तयारी लागत नाही. त्याने स्वतःचंच आयुष्य आठवायचं असतं.

असा प्रश्न सापडत नसेल तर मेल पाठवायची वेळ अजून आलेली नाही. आधी एक-दोन वर्षं पुढे असलेल्यांशी बोलावं. त्यांच्याकडे जे अडतं, तोच ज्येष्ठांसाठीचा प्रश्न.

पत्ता कुठून घ्यायचा

माजी विद्यार्थी संघाच्या कार्यालयातून किंवा ओळखीच्या प्राध्यापकांकडून घ्यावा, आणि ‘त्यांना चालेल ना, एकदा विचाराल का?’ असं म्हणून घ्यावा. कंपनीच्या पत्त्यांची पद्धत ओळखून अंदाजाने पत्ता बनवणारी मुलं मी पाहिली आहेत. तो मेल पोचतोही, पण ऑफिसच्या पत्त्यावर अनोळखी माणूस आला की पहिला विचार ‘याला माझा पत्ता कोणी दिला?’ हाच येतो, आणि प्रश्न मागे पडतो. लिंक्डइनवरून लिहिणार असाल तर तिथे जागा थोडी असते. ओळख आणि प्रश्न एवढंच लिहून, सविस्तर मेल कुठे पाठवू, असं विचारावं.

पत्ता कुठून मिळाला ते मेलच्या पहिल्या दोन ओळींत सांगून टाकावं.

मराठीत की इंग्रजीत

समोरचा मराठी आहे हे पक्कं माहीत असेल तर मराठीत खुशाल लिहावं. मला दोन्ही भाषांत मेल येतात, आणि मराठीतला मेल वाचताना लिहिणारा माणूस लवकर दिसतो. पण ते इंग्रजी माध्यमात शिकलेले असतील, परदेशात वाढलेले असतील किंवा तुम्हाला शंका असेल, तर इंग्रजीत लिहा. तरी पहिला मसुदा मराठीतच करा, आणि तोही तोंडाने बोलून. कॉलेजच्या गेटवर सर अचानक भेटले आणि त्यांच्याकडे एकच मिनिट आहे, तर काय म्हणाल? ते लिहा. इंग्रजीत थेट सुरुवात केली की ‘रिस्पेक्टेड सर’ आणि ‘काइंडली डू द नीडफुल’ हा कचेरीतला इंग्रजी अर्ज उतरतो, आणि आपण पुन्हा जिथून निघालो तिथेच येतो.

विषयाची ओळ

फोनवर मेल उघडण्याआधी विषयातले पहिले काही शब्दच दिसतात. ‘करिअर मार्गदर्शन मिळणेबाबत’ यातून कोण, काय आणि किती, यातलं काहीच कळत नाही. तिची नवी ओळ अशी झाली: ‘पूल डिझाइनबद्दल 15 मिनिटं बोलाल का? (सिव्हिल, शेवटचं वर्ष)’. मेल उघडायच्या आधीच मागणी किती मोठी आहे ते सरांना समजतं. ‘महत्त्वाचे’ किंवा ‘तातडीचे’ हे शब्द विषयात कधीच नकोत. घाई आपल्याला असते, त्यांना नाही.

मजकूर

पुन्हा लिहिलेला मेल आधी पूर्ण देते.

> नमस्कार सर,
>
> मी आपल्या कॉलेजात सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. तुमचा पत्ता मला माजी विद्यार्थी संघाच्या कार्यालयाने तुम्हाला विचारून दिला.
>
> तुम्ही तीन वर्षं साइटवर काम करून मग एम.टेक.ला गेलात आणि त्यानंतर पूल डिझाइनकडे वळलात, असं तुमच्या लिंक्डइनवर वाचलं. मी सध्या त्याच वळणावर आहे: साइटवरची नोकरी घ्यावी, की गेट देऊन थेट एम.टेक. करावं. आमच्या आधीच्या दोन बॅचमधल्या तिघांशी बोलले, पण ते तिघेही थेट एम.टेक.ला गेलेले आहेत. त्यामुळे एक गोष्ट त्यांच्याकडून कळली नाही: डिझाइन ऑफिसात आल्यावर साइटवरची वर्षं तुम्हाला नेमकी कुठे उपयोगी पडली, आणि कुठे त्यांच्यामुळे मागे राहिल्यासारखं वाटलं?
>
> याबद्दल फोनवर 15 मिनिटं बोलू शकाल का? मला शनिवार 8 ऑगस्टला सकाळी 11, बुधवार 12 ऑगस्टला संध्याकाळी 7.30 किंवा रविवार 16 ऑगस्टला सकाळी 11 वाजता जमेल. यातली किंवा तुमच्या सोयीची दुसरी एखादी वेळ सांगितलीत, तर फोन मी करेन.
>
> बोलायला वेळ नसेल आणि दोन ओळी लिहून पाठवल्यात, तर त्याही मला पुरेशा होतील. सध्या जमणार नसेल तर मी समजू शकते.
>
> (पूर्ण नाव, शाखा व वर्ष, मोबाइल नंबर)

आता उरलेली कामं मोजा: तीनपैकी एक वेळ निवडून तेवढीच एक ओळ लिहायची. संपलं.

यातल्या काही जागांवर आम्ही दोघी बराच वेळ अडलो होतो, त्या सांगते.

‘15 मिनिटं’ का? तिने आधी ‘फक्त 5 मिनिटं’ लिहिलं होतं. पण पाच मिनिटांत नमस्कार-चमत्कार आणि प्रश्न एवढंच होतं, आणि हे वाचणाऱ्यालाही ठाऊक असतं. पाच म्हणून पंचवीस घेतली तर शब्द मोडल्यासारखं होतं. अर्धा तास मागितला तर वाचणाऱ्याला कॅलेंडर उघडावं लागतं. पंधरा मिनिटांचा फोन माणूस ऑफिसातून घरी जाताना गाडीतही घेऊ शकतो.

वेळा तीनच का? एकच दिली तर ती आज्ञा वाटते. ‘कधीही चालेल’ म्हटलं तर शोधायचं काम त्यांच्याकडे जातं. तीन वेगवेगळ्या दिवशी, त्यातली एखादी सुट्टीच्या दिवशी, आणि पहिली किमान पाच-सहा दिवस पुढची असावी. वार आणि तारीख दोन्ही लिहाव्यात. एकात चूक झाली तर दुसऱ्यावरून कळते. आमच्या धंद्यात मार्चचा शेवटचा पंधरवडा टाळावा, तेव्हा बिलं आणि हिशेब बंद करायची धावपळ असते. साइटवरच्या माणसाला मेअखेरीस गाठू नये, कारण पावसाच्या आत कामं उरकायची असतात. माणूस आखातात असेल तर दोन गोष्टी बघाव्यात. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, आणि तिथे 2022 पासून शनिवार-रविवार सुट्टी असते. सौदीत मात्र शुक्रवार-शनिवार. अमेरिकेत असेल तर त्यांची घड्याळं मार्चमध्ये एक तास पुढे आणि नोव्हेंबरमध्ये मागे जातात, म्हणून वेळ दोन्हीकडची लिहावी आणि हिशेब आपण करावा.

‘बोलू शकाल का?’ यावर आमचं सगळ्यात जास्त बोलणं झालं. तिने ‘आपण वेळ द्यावा ही नम्र विनंती’ लिहिलं होतं. मराठीत ‘द्यावा’, ‘करावे’, ‘कळवावे’ ही रूपं आदराची असली तरी ती आदेशाचीच भावंडं आहेत. सरकारी पत्रात वरिष्ठ कनिष्ठाला ‘अहवाल सादर करावा’ असंच लिहितात. ‘बोलू शकाल का?’ हा खरा प्रश्न आहे, आणि खऱ्या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर असू शकतं. मेलमधली मागणीची ओळ प्रश्नचिन्हानेच संपायला हवी.

‘तुम्ही’ की ‘आपण’? मी ‘सर’ किंवा ‘मॅडम’ आणि ‘तुम्ही’ हे पसंत करते. ‘आपण’ चालतं, पण मग ते शेवटपर्यंत सांभाळावं लागतं. मध्येच ‘तुमचा’ आलं की वाक्य लंगडतं, आणि ‘आपले कॉलेज’ म्हणजे दोघांचं की फक्त त्यांचं, तेही कळेनासं होतं. चार-पाच वर्षंच पुढे असलेल्याला दादा किंवा ताई म्हणायची तुमच्या कॉलेजात पद्धत असेल तर तसं म्हणावं. वीस वर्षं पुढच्या अनोळखी माणसाला पहिल्याच मेलमध्ये दादा म्हणणं मला जड वाटतं.

स्तुती पूर्ण काढून टाकली. ‘प्रेरणास्थान’ या शब्दावर समोरच्याने काय म्हणावं? त्याऐवजी त्यांनी काय केलं ते एका वाक्यात बरोबर सांगितलं आहे: तीन वर्षं साइट, मग एम.टेक. कोणीतरी आपला मार्ग लक्ष देऊन वाचला, एवढं त्या वाक्यातून पोचतं. मात्र हा तपशील चुकला तर सगळं उलटतं, म्हणून पाठवण्यापूर्वी तो पुन्हा पडताळून पाहावा.

रेझ्युमे काढला. याबद्दल माझं मत ठाम आहे, कारण मी स्वतः एकदा हीच चूक केली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी एका ज्येष्ठांना ‘थोडं बोलायचं आहे’ असं लिहून सोबत रेझ्युमे जोडला होता. उत्तर एका ओळीचं आलं: कृपया एचआर विभागाशी संपर्क साधा. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. फाइल जोडल्याबरोबर माझ्या मेलचा अर्थ बदलला होता, आणि त्यांनी त्या फाइलला उत्तर दिलं. तुम्हाला खरोखर इंटर्नशिप किंवा नोकरी हवी असेल तर तो वेगळा मेल आहे. तिथे उघडपणे तेच मागावं. गप्पांच्या नावाखाली नोकरी मागितली की पुढच्या विद्यार्थ्याच्या साध्या मेलवरही संशय येतो. तुम्ही त्यांना लिहिताय तेव्हाच त्यांच्या कंपनीत तुमचा अर्जही चालू असेल, तर हे बोलणं मागूच नये. त्यांना मोकळेपणाने बोलता येत नाही.

शेवटची ओळही बदलली. तिने उदारपणे ‘उत्तर दिलं नाहीत तरी चालेल’ असं लिहिलं होतं. मी ते काढायला सांगितलं, कारण मग पुढे एकदा आठवण करणं म्हणजे आपलाच शब्द मोडणं. ‘जमणार नसेल तर मी समजू शकते’ यात नकाराची वाट मोकळी आहे आणि एका आठवणीपुरती जागाही आहे. ‘उत्तराच्या प्रतीक्षेत’ मात्र नको. दारात कुणीतरी उभं आहे असं त्यातून वाटत राहतं.

पाठवताना

मेलवर दिसणारं तुमचं नाव पूर्ण आहे ना, ते स्वतःलाच एक मेल पाठवून बघा. शाळेत असताना बनवलेला टोपणनावाचा पत्ता असेल तर नवा काढा. समोरच्याचं नाव आणि आडनाव ते स्वतः जसं लिहितात तसंच लिहा. एक मेल, एक माणूस. चार ज्येष्ठांना एकत्र पाठवलेला मेल चौघेही दुसऱ्यावर सोडतात. ज्या प्राध्यापकांनी पत्ता दिला त्यांना सीसीमध्ये ठेवू नये. त्यांच्या देखत ‘नाही’ म्हणायची वेळ समोरच्यावर येते, आणि हा दबाव कुणाच्या ध्यानीमनी नसताना पडतो. रात्री दोन वाजता लिहून झाला असेल तर जीमेलमधल्या `Schedule send` ने सकाळची वेळ लावा. आणि मेल पाठवल्यावर लगेच व्हॉट्सअॅपवर ‘सर, मेल केला आहे’ असं कळवू नका.

त्यानंतर

उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवस थांबावं, मग त्याच मेलला धरून एकदाच लिहावं. वेळा शिळ्या झालेल्या असतात, त्या नव्या द्याव्यात: ‘सर, मागचा मेल गर्दीत राहून गेला असेल म्हणून एकदा आठवण करते. प्रश्न तोच आहे. 22 किंवा 23 ऑगस्टला सकाळी 11 वाजता जमेल का?’ यानंतरही काही आलं नाही तर विषय तिथेच संपला. दुसऱ्या कुणाकडून निरोप पाठवायचा नाही.

उत्तर येतं तेव्हा ते नेहमी ‘हो, शनिवारी बोलू’ असं सरळ नसतं. ‘केव्हाही फोन कर’ असं आलं तर थेट फोन लावू नये. ‘आज संध्याकाळी साडेसातला करू का?’ असा मेसेज टाकून मगच करावा. ‘प्रश्न लिहून पाठव’ असं आलं तर तो नकार समजू नये. एकच प्रश्न पाठवावा, यादी नाही. ‘अमुकशी बोल, त्याला जास्त माहीत आहे’ असं आलं तर त्या माणसाशी बोलून झाल्यावर, काय झालं ते पहिल्यालाही कळवावं. आणि ‘रेझ्युमे पाठव’ असं त्यांनीच म्हटलं तर त्याच दिवशी पाठवावा. आता तो त्यांनी मागितला आहे.

फोन ठरल्या मिनिटाला तुम्ही करा. पहिल्या वाक्यात नाव आणि ‘आता बोलता येईल ना?’ विचारा, मग थेट प्रश्न. मनात आणखी दोन प्रश्न असावेत, जास्त नाही. चौदाव्या मिनिटाला ‘सर, पंधरा मिनिटं होत आली’ असं तुम्ही म्हणा. पुष्कळदा ते म्हणतात, ‘असू दे, बोल’; पण ती वाढीव वेळ त्यांनी दिलेली असते, तुम्ही घेतलेली नसते.

तिच्या बाबतीत सरांनी चौथ्या दिवशी उत्तर दिलं, बुधवारची वेळ निवडली आणि पंचवीस मिनिटं बोलले. साइटवर जायचंच असेल तर जिथे प्रीस्ट्रेसिंगचं काम जवळून बघता येईल अशी साइट माग, आणि दोन वर्षांच्या पुढे थांबू नकोस, हे त्यांनी सांगितलेलं तिने वहीत लिहून ठेवलं आहे. त्याच रात्री तिने आभाराचा मेल पाठवला. तो तीन वाक्यांचा होता, आणि त्यातलं मधलं वाक्य आभाराचं नव्हतं: ‘तुम्ही म्हणालात तसं, कंपनीच्या मुलाखतीत पुलाच्या साइटबद्दल विचारणार आहे, आणि गेटही देणार आहे.’

मार्चमध्ये गेटचा निकाल लागेल. त्या दिवशी सरांना पाठवायच्या मेलचा मसुदा तिने आत्ताच करून ठेवला आहे. त्यात स्कोअरची जागा रिकामी आहे, आणि मागणी एकही नाही.